मान्यता घेतली, संमती घेतली, पुढे?

हल्ली तपासायला येणाऱ्या बहुतेक शोधनिबंधांत पद्धतीच्या भागाच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं : संस्थेच्या नैतिक समितीची मान्यता घेतली होती आणि सर्व सहभागींची लेखी संमती घेतली होती. परीक्षक तिथे मनातल्या मनात टिकमार्क करतो आणि आकडेवारीकडे वळतो. समितीने पाहिलं म्हणजे संमतीही पाहिली गेली, असं त्याने धरून चाललेलं असतं. माझा वाद या गृहीतकाशी आहे.

एप्रिल २०१८ मध्ये जयपूरच्या विद्याधर नगरला लागून असलेल्या विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतलं एक खासगी रुग्णालय बातम्यांत आलं. रोजचे ५०० रुपये मिळतील असं सांगून चुरू जिल्ह्यातल्या मजुरांना औषध-चाचणीसाठी आणल्याचा आरोप होता. गोळ्या कसल्या हे आपल्याला कळलंच नाही, अशी मजुरांची तक्रार होती. आरोप क्षणभर खरा धरला, तरी अशा चाचणीच्या निबंधात ते ठरलेलं वाक्य निर्धास्त लिहिता येईल. मान्यतेचा क्रमांक असेल, सह्या असतील. परीक्षकाला काही दिसलंच तर ते दुसरीकडे दिसेल : एकाच केंद्रावर दोन-चार दिवसांत झालेली भरती, आणि मोबदला किती व कशाबद्दल दिला याविषयी चकार शब्द नसणं.

न्यूरेम्बर्ग, १९४७ : माणसाची स्वेच्छा संमती, पहिलंच कलम. हेलसिंकी, १९६४. इथवर सगळ्यांना पाठ आहे. आपल्याकडे वैद्यकीय संशोधन परिषदेचं धोरण १९८० मध्ये आलं, मार्गदर्शक तत्त्वं २००० मध्ये, आणि २०१३ पासून औषध-चाचण्या तपासणाऱ्या समित्यांची नोंदणी सक्तीची झाली. यावर कोणाचंच दुमत नाही.

गैरसमज आहे तो १९७५ च्या टोकियो दुरुस्तीबद्दल. १९६४ च्या जाहीरनाम्यात स्वतंत्र समितीचा उल्लेखच नव्हता, तो टोकियोत आला. म्हणून तेव्हापासून जबाबदारी डॉक्टरच्या विवेकाकडून समितीकडे गेली, असं शिकवलं जातं. पण त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट सांगितली : या तत्त्वांना सोडून केलेल्या प्रयोगांचे निबंध छापायला स्वीकारू नयेत. म्हणजे जबाबदारी नुसती सरकली नाही. संशोधक होताच, समिती आली, आणि तिसरी राखण संपादक-परीक्षकांवर आली. समिती प्रयोगाआधी कागदावरचा आराखडा पाहते. प्रत्यक्षात काय घडलं त्याचा वृत्तांत परीक्षकाच्या हातात असतो. एकाने दुसऱ्यावर विसंबून चालत नाही ते यामुळेच.

आपल्याकडच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची तिथली चाचणी २००९ मध्ये एका नामवंत अमेरिकी नियतकालिकात छापून आली. ५२ गावगट, १,३१,७४६ स्त्रिया, चार गट : विषाणूची चाचणी, पॅप, ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा, म्हणजे व्यवहारात तपासणीच नाही. या कर्करोगाने विषाणू-चाचणीच्या गटात ३४ स्त्रिया दगावल्या, चौथ्या गटात ६४. निष्कर्ष मोलाचा होता. वाद चौथ्या गटावरून पेटला. भारतात तपासणीची सोयच नसल्याने तपासणी नसणं हीच इथली नेहमीची सेवा, हा संशोधकांचा बचाव मला अगदीच पोकळ वाटत नाही. पण तो बचाव म्हणजे तुलना-गट ठेवावा की नाही याचं उत्तर आहे, आणि तो प्रश्न समितीचा. संमतीचा प्रश्न वेगळा आहे. अशा चाचणीत चिठ्ठी बाईची नव्हे, गावाची निघते. ती आधी निघते आणि बाईला विचारणारा माणूस नंतर दारात येतो. तेव्हा चौथ्या गटातल्या बाईला नेमकं कशाबद्दल विचारलं? या रोगाची तपासणी असते आणि ती अमुक ठिकाणी करून घेता येते, हे तिला सांगितलं का? मुंबईच्या वस्त्यांत झालेल्या अशाच चाचणीत अमेरिकेच्या देखरेख कार्यालयाने नेमकं संमतीच्या माहितीवर बोट ठेवलं होतं.

परीक्षकाने म्हणून माहितीपत्रक मागावं. इंग्रजी मसुदा नव्हे, सहभागींना वाचून दाखवलं ते मराठी, आणि प्रत्येक गटाचं वेगळं. अंगठे असतील तर निःपक्ष साक्षीदार कोण होता ते विचारावं. गावातर्फे सरपंचाने होकार दिला असेल, तर तो बाईच्या होकाराऐवजी धरला गेला का ते पाहावं. समितीचं नाव, मान्यतेची तारीख आणि पहिल्या सहभागीची तारीख शेजारी शेजारी ठेवावी, कारण मागाहून घेतलेली मान्यता ही मान्यता नसते. चाचणीच्या सार्वजनिक नोंदणीतली तारीखही त्यांच्याशी ताडून पाहावी. 'संमतीची गरज नव्हती' असं लिहिलं असेल, तर ती सूट समितीने दिली की लेखकांनी स्वतःच घेतली, हे निबंधात यायला हवं.

परीक्षकाला चौकशीचे अधिकार नाहीत आणि त्याने लेखकांना परस्पर गाठूही नये. संपादकाला गोपनीय टिपणात लिहावं की या तारखा जुळत नाहीत, हे पत्रक मिळालेलं नाही, संबंधित समितीला विचारा. उत्तर येईपर्यंत आकडेवारी कितीही चोख असली तरी शिफारस थांबवावी.