हाऊजी आणि हाक

हाऊजी म्हणजे 1 ते 90 या आकड्यांचा, निव्वळ नशिबावर चालणारा खेळ असून त्याच्या प्रत्येक तिकिटावरील तीन ओळींत मिळून पंधरा आकडे छापलेले असतात. कसबा पेठेत एकट्या राहणाऱ्या आईचा फोन रोज साडेसातला घाईने बंद होतो, हे लंडनमधील मुलीच्या ध्यानात आले आणि चौकशीअंती मोबाइलवरील हाऊजीचा उलगडा झाला.

मुलीने हिशेब मांडला: पन्नास रुपयांची चाळीस तिकिटे विकली की दोन हजार जमतात, बक्षिसे सोळाशेंची असतात आणि चारशे आयोजकाकडे राहतात, म्हणजे जिंकणे-हरणे धरूनही प्रत्येक तिकिटामागे सरासरी दहा रुपये जातात आणि रोज पाच डाव खेळल्यास महिन्याला दीड हजार. शिवाय 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली असून त्यात शिक्षा खेळणाऱ्याला नव्हे, तर खेळवणाऱ्याला आहे.

आईने हिशेब मान्य केला, पण "तिथे रोज कुणीतरी नावाने हाक मारतं गं," एवढेच म्हटले. तेव्हा मुलीने नातेवाइकांचा गट जमवून बिनपैशांची हाऊजी सुरू करून दिली, कारण पैसा काढून घेतल्यावरही आई रमली तर ओढ सोबतीची होती असे ठरते. मात्र ती चोरून पुन्हा तिकिटे घेऊ लागली, तर ते व्यसन समजून समुपदेशकाची मदत घ्यावी लागते.