निघण्यापुरते सत्य

तारेच्या काळी ‘प्रकृती गंभीर, त्वरित या’ एवढे शब्द हाती पडले की घरातली जाणती माणसे मनोमन ओळखीत की रुग्ण बहुधा गेलेला आहे. ते दयेपोटी सांगितलेले असत्य असले तरी त्यातला निघण्याचा हुकूम निःसंदिग्ध असे. आपल्या देशातली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, आणि आज कोल्हापुरातल्या एखाद्या रुग्णालयात वडिलांपाशी असलेली बहीण शारजातील भावास दिवसातून दहा वेळा संदेश धाडते, तरी निघावे की थांबावे याचा उलगडा त्यास होत नाही, कारण ‘आहे तसेच आहे, काळजी करू नकोस’ याखेरीज त्यांत काहीच नसते.

अमिरातीच्या २०२१ च्या श्रमकायद्याने खाजगी नोकरीतील माणसास आई किंवा वडील निवर्तल्यावर तीन दिवसांची पगारी रजा मिळते, आणि तिची मुदत मृत्यूच्या दिवसापासून मोजतात. ते अत्यवस्थ असताना मात्र अशी स्वतंत्र रजा नाही, वार्षिक रजेसाठीच दरखास्त करावी लागते. मुंबईचे विमान तीन तासांचे खरे, परंतु त्याआधी रजेची मंजुरी आणि त्यानंतर कोल्हापूरपर्यंतचा रात्रभराचा रस्ता असतो. शिवाय अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलण्याची सोय सामान्यतः बंद असल्याने, उलट प्रश्न विचारून खरे काढून घेण्याचा मार्गही सहज मोकळा नसतो. म्हणून लिहिलेल्या चार ओळींवरच भावाचा निर्णय अवलंबून राहतो.

समजा, वडिलांचा रक्तदाब कालही ११०/७० होता आणि आजही तेवढाच आहे. परंतु तो टिकवण्यासाठी कालच्या दुप्पट औषध लागत आहे, चोवीस तासांत लघवी जेमतेम २०० मिलिलिटर झाली आहे, आणि काल हाकेला उघडणारे डोळे आज उघडत नाहीत. यातला रक्तदाबाचा आकडा तेवढा कळवला, तर एकही शब्द खोटा नसताना सबंध संदेश खोटा ठरतो. डोळ्यांनी पाहिले ते, डॉक्टर म्हणाले ते आणि स्वतःस वाटते ते, ही तीन निरनिराळी लिहावीत; कालच्या तुलनेत काय पालटले ते सांगावे; पुढची खबर केव्हा देणार ती वेळ नमूद करावी; आणि डॉक्टरांना सरळ विचारावे, ‘भावाला आजच बोलावू का?’ त्यांचे उत्तर आहे त्याच शब्दांत पाठवावे.

भाऊ आला आणि वडील सावरले तर त्याची रजा खर्ची पडेल, हा आक्षेप खरा आहे. परंतु ती रजा त्याची आहे, आणि ती वडिलांच्या हयातीत वेचावी की पश्चात, हे ठरवण्याचा अधिकारही त्याचाच आहे. त्याला दुःख होऊ नये म्हणून सत्य रोखून धरणारे आपण तो अधिकार त्याला न विचारता काढून घेतो. तेव्हा रुग्णाजवळ बसणाऱ्यांनो, धीर अवश्य द्या, पण आधी खबर द्या.