आवश्यक म्हणजे तुटवडा नव्हे

राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या पट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रांत हल्ली एक चित्र हमखास दिसते. लाकडी पिंपाच्या फळ्या कमीजास्त उंचीच्या, आणि सर्वांत आखूड फळीवरून पाणी सांडते आहे. चित्राखाली मजकूर असतो : पिकाला सतरा अन्नद्रव्ये आवश्यक आहेत, एक जरी कमी पडले तरी उत्पादन अडते, म्हणून सगळी देणारे आमचे मिश्रण टाका. पहिली दोन वाक्ये खरी आहेत. त्यांवरून तिसरे मात्र निघत नाही. पहिले वाक्य वनस्पतीविषयी आहे, दुसरे एका विशिष्ट शेताविषयी. दोन्हींची सरमिसळ करून तिसरे वाक्य विकले जाते, आणि त्याची किंमत ऊस उत्पादकाच्या खिशातून जाते.

ही सरमिसळ दुकानदाराने शोधलेली नाही. आवश्यक अन्नद्रव्याची कल्पना गेल्या दोनशे वर्षांत कशी घडली हे आपण चुकीचे वाचतो, त्यातून ती आली आहे.

सुरुवातीचा भाग सर्वांना ठाऊक आहे. 1828 च्या सुमारास जर्मनीत कार्ल स्प्रेंगेलने सांगितले की इतर सगळे भरपूर असले तरी एक द्रव्य अपुरे असेल तर पीक त्याच्यापाशी अडते. 1840 मध्ये लिबिगचे पुस्तक आले, त्याने ही गोष्ट जगभर नेली आणि नियमाला त्याचेच नाव चिकटले. पिंपाचे चित्र तर आणखी बऱ्याच वर्षांनी कुणीतरी काढले. पुढे मिट्शरलिखने दाखवले की उत्पादन एका फळीपाशी असे एकदम थांबत नाही. कमतरता भरत जाते तसा प्रत्येक पुढच्या मात्रेचा लाभ कमी होत जातो, आणि दुसरी द्रव्ये पुरेशी असतील तर तो वाढतो. इथवर वादाचे काही नाही.

लिबिगच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. 1845 मध्ये त्याने स्वतःचे पेटंट खत बाजारात आणले. पावसाने क्षार वाहून जाऊ नयेत म्हणून त्याने ते भट्टीत वितळवून जवळजवळ अविद्राव्य केले. खतात पोटॅश होते, स्फुरद होते, पण मुळांना ते मिळेना, आणि खत फसले. मातीत द्रव्य असणे आणि मुळाला ते मिळणे यांतला फरक नियमाच्या सर्वांत मोठ्या प्रचारकालाच भोवला. नगर जिल्ह्याच्या चुनखडीच्या जमिनीत हाच फरक दर हंगामात शेतकऱ्यासमोर उभा राहतो.

त्या काळी वनस्पतीला काय लागते हे ठरवायची एक पद्धत म्हणजे राख तपासणे. झाड जाळायचे आणि राखेत जे सापडेल ते त्याला लागत असणार असे मानायचे. पण झाड मातीतून नको तेही उचलते. उसाच्या राखेत सिलिका भरपूर असते, ॲल्युमिनियमचा अंशही असतो. म्हणून 1860 च्या सुमारास साक्स आणि क्नोप यांनी मातीच बाजूला ठेवली. पाण्यात मोजून क्षार घालायचे, एकेक वगळून पाहायचे. पद्धत उत्तम होती, पण सूक्ष्म मात्रेत लागणारी द्रव्ये तिच्या हाती लागेनात, कारण ती क्षारांतल्या अशुद्धीतून, काचेच्या भांड्यातून, हवेतल्या धुळीतून, इतकेच काय बियाण्यातल्या साठ्यातून गुपचूप येत राहत. क्षार अधिक शुद्ध होत गेले तशी जस्त, बोरॉन, मँगेनीज, तांबे ही नावे विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत यादीत चढली.

आता येतो तो टप्पा, जो बहुतेक जण चुकीचा वाचतात. 1939 मध्ये कॅलिफोर्नियात आरनॉन आणि स्टाउट यांनी टोमॅटोवर तांब्याचे काम करताना आवश्यकतेच्या तीन कसोट्या मांडल्या. पाठ्यपुस्तकांत त्या यादीच्या मथळ्यासारख्या छापल्या जातात आणि विद्यार्थी त्या पाठ करून पुढे जातात. सर्वसाधारण समज असा, की या कसोट्यांनी यादी वाढवली. माझ्या मते त्यांनी उलटे केले. यादीत शिरण्याचे दार त्यांनी अरुंद केले. उत्पादन वाढले एवढा पुरावा पुरेसा नाही, असे त्या कसोट्या सांगतात.

पहिली कसोटी : ते मूलद्रव्य नसेल तर झाड आपले जीवनचक्र पूर्ण करू शकत नाही, म्हणजे बीपासून पुन्हा बीपर्यंत पोहोचत नाही. ही कसोटी किती कठोर आहे हे निकेलने दाखवले. बार्लीच्या बियाण्यात निकेलचा साठा असतो आणि एक पिढी त्यावर निभावते. निकेलविना सलग पिढ्या वाढवल्यावर, तिसऱ्या पिढीचे बी उगवेना, तेव्हा 1987 मध्ये निकेल आवश्यक ठरले. दुसरी कसोटी : त्या मूलद्रव्याच्या अभावाने होणारे दुखणे त्याच मूलद्रव्याने बरे होते, दुसऱ्या कशाने नाही.

तिसरी कसोटी म्हणजे माझ्या लेखाचा गाभा. ते मूलद्रव्य झाडाच्या पोषणात स्वतः भाग घेते. मातीतली किंवा द्रावणातली एखादी रासायनिक वा जिवाणूजन्य अडचण दूर करून झालेला फायदा गणतीत धरायचा नाही.

नगर जिल्ह्यात या ओळीचा अर्थ पायाखाली पडलेला आहे. प्रवरा आणि मुळा कालव्यांखाली निचरा नसलेल्या काळ्या जमिनी चोपण झाल्या. तिथे जिप्सम टाकले आणि पीक उभे राहिले, तर लोक म्हणतात, जमिनीत कॅल्शियम आणि गंधक कमी होते. खरे पाहता काळ्या मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, त्यामुळे चिकणमाती फुटून छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमची जागा घेते, सुटलेला सोडियम निचऱ्याबरोबर वाहून जातो, माती भुसभुशीत होते. फायदा खरा आहे, पण तो पिकाला कॅल्शियमची भूक होती म्हणून झालेला नाही. म्हणून निचऱ्याचा चर न काढता नुसते जिप्सम टाकले तर काही होत नाही, आणि चोपण नसलेल्या शेजारच्या शेतात तेच जिप्सम टाकून उपयोग नाही. तिसरी कसोटी ज्याला समजली तो शेजारच्या शेतात पैसे टाकत नाही.

आता केवड्याकडे पाहू. चुनखडीच्या जमिनीत, विशेषतः खोडव्याच्या उसात, नवी पाने पिवळी पडतात. शिरा थोडा काळ हिरव्या राहतात, मग पान जवळजवळ पांढरे होते. जुनी खालची पाने मात्र हिरवी असतात. हे लोहाच्या कमतरतेचे रूप आहे. लोह एकदा पानात बसले की झाड ते नव्या पानाकडे हलवू शकत नाही, म्हणून दुखणे शेंड्यावर दिसते. नत्र कमी पडले असते तर उलट झाले असते, झाडाने जुन्या पानांतून ते उचलले असते आणि खालची पाने आधी पिवळी झाली असती.

पण या जमिनीत लोह आहे का? दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत लोह शेकडा पाच जरी धरले, तरी एका हेक्टरच्या वरच्या 15 सेंटीमीटर थरात ते सुमारे शंभर टन भरते. शिफारस आहे हेक्टरी 25 किलो फेरस सल्फेटची, म्हणजे हिराकसाची, आणि त्यात लोह असते साधारण पाच किलो. शंभर टनांच्या शेजारी पाच किलो! पिंपाच्या चित्राने हा हिशेब कधीच सुटणार नाही, कारण फळी आखूड नाही. चुनखडीमुळे सामू आठाच्या वर असतो, पाण्यात बायकार्बोनेट असतात, त्यामुळे लोह मुळांना घेता येणार नाही अशा रूपात अडकते. पाणी साचू दिले तर बायकार्बोनेट वाढतात आणि केवडा वाढतो. काही शेतांत पाण्याच्या पाळ्या कमी करून निचरा सुधारला तरी पाने हिरवी होऊ लागतात.

त्यामुळे प्रयोगशाळेत एकूण लोह मोजत नाहीत. डीटीपीए द्रावणात सुटणारे लोह मोजतात, आणि ते किलोला साडेचार मिलिग्रॅमच्या खाली असेल तर कमी समजतात. हे माप चांगले आहे, पण चुनखडीत ते काही वेळा पुरेसे दाखवते आणि ऊस पिवळाच राहतो. म्हणून कागदावरच्या आकड्यापेक्षा पिकालाच विचारायचे. हिराकस जमिनीत तसेच टाकले तर चुनखडीत पाहता पाहता त्याचे रूप बदलून ते निकामी होते. त्यामुळे ते शेणखतात मिसळून काही दिवस मुरवून देतात, किंवा फवारतात. सर्वसाधारण मिश्रणात लोह असते, पण या परिस्थितीसाठी ते थोडे असते, आणि त्याबरोबर ज्यांची गरज नाही अशा द्रव्यांचे पैसे मोजावे लागतात.

या कसोट्यांवर आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. सोयाबीनच्या गाठींतल्या जिवाणूंना कोबाल्ट लागते. तिसऱ्या कसोटीने कोबाल्ट वनस्पतीला आवश्यक ठरत नाही, पण गाठीवर जगणाऱ्या सोयाबीनसाठी हा भेद नुसता कागदी आहे. सिलिकॉनविना अनेक झाडे बीपर्यंत पोहोचतात, म्हणून ते आवश्यक नाही. तरी ऊस आणि भात ते भरपूर घेतात आणि त्यांना फायदा होतो. एपस्टाइनसारख्या अभ्यासकांनी व्याख्या सैल करावी असे म्हटले, ते याचमुळे. माझा आग्रह एवढाच, की फायदेशीर आणि आवश्यक हे दोन वेगळे दावे वेगळ्या पुराव्यांवर उभे राहिले पाहिजेत. सिलिकॉनचे खत विकणाऱ्याने ते फायदेशीर म्हणून विकावे आणि आपल्या जमिनीत किती फायदा झाला ते शेतात दाखवावे. 'सतरा आवश्यक' या शब्दांची सावली त्याने घेऊ नये.

सतराची यादी आपल्याला फक्त इतके सांगते, की कोणत्या कमतरता शक्य आहेत. तुमच्या शेतात कोणती आहे हे ती सांगत नाही, ते शेतच सांगते आणि त्याची चाचणी आपल्या हातात आहे. केवडा दिसला तर पूर्ण प्लॉट फवारू नका. हिरवट खडे असलेले ताजे हिराकस घ्या, तपकिरी झालेले नको. दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम घाला, त्यात थोडे सायट्रिक आम्ल घाला म्हणजे लोह टिकते, आणि संध्याकाळी एकाच सरीतल्या पिवळ्या पानांवर फवारा. शेजारची सरी तशीच ठेवा. आठवडाभरात फवाऱ्याचे थेंब पडले तेथे हिरवे ठिपके दिसले, शेजारी दिसले नाहीत, तर झाडात लोह कमी होते हे तुम्ही आरनॉन आणि स्टाउटच्या दुसऱ्या कसोटीनेच सिद्ध केले. ठिपके दिसले नाहीत तर मुळे पाहा, हुमणी आहे का, पाणी साचते का ते पाहा, मग मँगेनीज किंवा गंधकाकडे वळा. पानात लोह कमी निघाले तरी मातीत ते कमी आहे असे समजू नका. पुढच्या खोडव्यासाठी पैसा पिशवीवर घालण्याआधी निचऱ्याच्या चरावर घाला.