तोट्याचा गुन्हा होत नाही

पुण्याच्या औद्योगिक इतिहासात बजाज आणि फिरोदिया या दोन घराण्यांचे फाटणे ही मोठी घटना होती. एकत्र वाढलेले उद्योग साठच्या दशकाच्या अखेरीस वेगळ्या वाटांनी निघाले आणि त्यातून शेअरांच्या हस्तांतरणाचा एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नवलमल फिरोदिया यांच्या बाजूने काही शेअर विकत घेतले गेले होते आणि बजाज ऑटोच्या संचालक मंडळाने त्यांची नोंद करायला नकार दिला. कंपनीच्या नियमावलीने असा नकार देण्याचा पूर्ण अधिकार संचालकांना दिला होता. तरीही प्रश्न उरलाच: अधिकार पूर्ण असला, म्हणजे तो कसाही वापरता येतो का?

1970 साली न्यायालयाने दिलेल्या निकालात त्या नोंदीपेक्षा तिची कसोटी जास्त टिकली. न्यायालयाने सांगितले की संचालक कंपनीशी आणि भागधारकांशी विश्वासाच्या नात्याने बांधलेले असतात, म्हणून 'हो' किंवा 'नाही' एवढे म्हणून भागत नाही, प्रस्तावाचा खरोखर विचार व्हावा लागतो. मग तपासायच्या तीन गोष्टी: संचालक कंपनीच्या हितासाठी वागले का, त्यांनी चुकीचे तत्त्व धरले का, आणि त्यांच्या मनात काही वेगळाच हेतू होता का. याला लागूनच दुसरी बाजूही मांडली होती. त्यांनी दिलेली कारणे योग्य असतील, तर 'आम्ही असतो तर वेगळा निर्णय घेतला असता' एवढ्यावरून न्यायालय तो निर्णय फिरवणार नाही. कारणे देण्याचे बंधन नसताना ती दिली नाहीत, तर संचालक प्रामाणिकपणे वागले असेच गृहीत धरले जाईल. उलट म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा.

हेतू आणि पद्धत कसून तपासायची, निर्णयाचा शहाणपणा मात्र संचालकांवर सोडायचा, ही विभागणी भारतात जन्मली नाही. ती घडायला सव्वादोनशे वर्षे लागली.

सुरुवात लंडनच्या चॅरिटेबल कॉर्पोरेशनपासून धरावी लागते. गरिबांना वस्तू तारण ठेवून कर्ज देण्यासाठी काढलेली ही संस्था. आतल्या माणसांनी तारण न घेताच पैसे उचलले आणि ती बुडाली. 1742 मध्ये न्यायाधीश लॉर्ड हार्डविक यांनी संचालकांनाही जबाबदार धरले. ज्यांनी लूट केली त्यांच्याबरोबर, ज्यांनी पाहायला हवे होते आणि पाहिले नाही तेही अडकले. पण त्याच निकालात त्यांनी एक सावधगिरी नोंदवली: अधिकारात राहून प्रामाणिकपणे केलेल्या कामाचा परिणाम वाईट झाला, म्हणून तो परिणाम त्या वेळी दिसायलाच हवा होता असे मागाहून म्हणणे न्यायाधीशाला शोभत नाही. दक्षता आणि संयम ही दोन्ही बीजे एकाच निकालात पडली होती.

पुढची शंभर-दीडशे वर्षे दक्षतेचे बीज जवळजवळ कोमेजलेलेच राहिले. कार्डिफच्या बचत बँकेचे अध्यक्षपद ब्यूटच्या मार्क्विसकडे वारशाने आले, तेव्हा तो सहा महिन्यांचा होता. मोठेपणी तो संचालकांच्या एकाच बैठकीला गेला. बँकेत अफरातफर झाली, ती बुडाली आणि त्याच्यावर दावा झाला. 1892 मध्ये न्यायालयाने त्याला मोकळे सोडले. संचालकपद तेव्हा मानाचे आसन होते, काम नव्हते. 1925 मध्ये सिटी इक्विटेबल विमा कंपनीच्या खटल्यात न्यायमूर्ती रोमर यांनी हीच समज नियमांत बांधली: संचालकाकडून त्याच्या स्वतःच्या ज्ञानाला आणि अनुभवाला साजेल एवढ्याच कौशल्याची अपेक्षा, त्याने सतत लक्ष देण्याची गरज नाही, आणि संशयाचे कारण नसेल तर अधिकाऱ्यांवर विसंबायला हरकत नाही. जितका अडाणी संचालक, तितकी कमी अपेक्षा, असा त्याचा विचित्र अर्थ निघत होता.

भारतात हे धोरण फार काळ तसेच चालले नाही. 1973 मध्ये सुप्रीम बँकेच्या अवसायकाने पी. ए. तेंडोलकर यांच्याविरुद्ध लढवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की व्यवस्थापनाशी दीर्घकाळ आणि निकटचा संबंध असलेल्या संचालकाला, वरवर तपासणाऱ्यालाही दिसेल अशा गोष्टींकडे डोळेझाक करता येणार नाही. त्याने स्वतः अप्रामाणिकपणा केल्याचा विशिष्ट पुरावा नसला तरी तो जबाबदार ठरू शकतो. 2013 च्या कंपनी कायद्याने हे लिखित केले. कलम 166 प्रत्येक संचालकाकडे सद्भावना मागते, वाजवी काळजी, कौशल्य आणि तत्परता मागते, स्वतंत्र निर्णयबुद्धी मागते, हितसंबंधांची टक्कर टाळायला सांगते. मोडल्यास 1 लाख ते 5 लाख रुपये दंड आहे. काळजीचे माप आता संचालकाच्या अडाणीपणावर ठरत नाही.

कायद्याची अपेक्षा चढत गेली, तरी दुसरे बीज, म्हणजे निर्णयाच्या शहाणपणात न शिरण्याचा संयम, मात्र तसाच राहिला. तो का, हे एका कल्पित उदाहरणावर तपासू.

समजा भोसरीत मोटारींचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. 2018 मध्ये मंडळाने डिझेल इंजिनाच्या भागांसाठी 40 कोटींची नवी मशिनिंग लाइन मंजूर केली. एप्रिल 2019 मध्ये मारुतीने जाहीर केले की एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्या विकणार नाही. इतरांनीही डिझेलची छोटी मॉडेल कमी केली. लाइन निम्म्या क्षमतेवर आली, कर्ज थकले, भागधारक चिडले. आज कोणीही म्हणेल की हा निर्णय मूर्खपणाचा होता.

पण न्यायालयाने 2018 च्या टेबलावर बसून पाहायचे असते. बीएस-6 मानके एप्रिल 2020 पासून लागू होणार, हे सरकारने 2016 मध्येच जाहीर केले होते. म्हणजे धोका अज्ञात नव्हता, त्याचे वजन किती धरायचे एवढाच प्रश्न होता. मंडळाने बाजाराचा अहवाल आधी मागवला, ग्राहक कंपन्यांचे पुढच्या तीन वर्षांचे खरेदी अंदाज पाहिले, डिझेल घसरल्यास मशीन दुसऱ्या कामाला वळवता येते का हे विचारले, एका संचालकाने विरोध नोंदवला, आणि मग बहुमताने धोका पत्करला. हे सारे इतिवृत्तात दिसत असेल तर निर्णय चुकला, पण कर्तव्य मोडले नाही. न्यायाधीश त्यात शिरणार नाही.

आता त्याच 40 कोटींची दुसरी कहाणी. प्रस्ताव बैठकीतच हाती आला, पंधरा मिनिटांत मंजूर झाला, बीएस-6 हा शब्द कोणी उच्चारला नाही. इथे शहाणपण बाजूला ठेवूनही काळजीचा प्रश्न उभा राहतो. आणि तिसरी: मशीन पुरवणारी कंपनी एमडींच्या मेव्हण्याची होती आणि त्यांनी ते मंडळाला सांगितलेच नाही. इथे न्यायालयाचा संयम पूर्णपणे संपतो. नियमाचा सारा आधार 'संचालक कंपनीच्या हिताचा विचार करत होते' या गृहीतकावर आहे आणि ते गृहीतकच कोसळले. तिन्ही कहाण्यांत तोटा एकच आहे. फरक फक्त निर्णयापर्यंतच्या वाटेचा.

अमेरिकेत दुसऱ्या प्रकारची गोष्ट खरोखर घडली. ट्रान्स युनियन या कंपनीच्या मंडळाने 1980 मध्ये वीस मिनिटांच्या तोंडी निवेदनावर आणि दोन तासांच्या बैठकीत, करार न वाचता, 55 डॉलर प्रति शेअर दराने कंपनी विकायला संमती दिली. भाव बाजारापेक्षा बराच वर होता आणि कोणाचा लोभ दिसला नव्हता. तरीही 1985 मध्ये डेलावेअरच्या न्यायालयाने संचालकांना घोर निष्काळजी ठरवले. उद्योगजगत इतके हादरले की पुढच्याच वर्षी कायद्यात सोय झाली: भागधारकांनी ठरवले तर काळजीतल्या कसुरीसाठी संचालकांकडून नुकसानभरपाई मागणे नियमावलीतूनच बंद करता येते. निष्ठेतल्या कसुरीला मात्र ही ढाल नाही.

न्यायालयाच्या संयमामागचे खरे कारण इथे उघडे पडते. संचालकांविषयीचा आदर त्यामागे कमीच. धोका पत्करून कंपनी चालली तर नफा भागधारकांचा, संचालकाचा वाटा नाममात्र. फसली की सगळा तोटा संचालकाच्या घरावर आला, तर शहाणा माणूस धोकाच घेणार नाही आणि ज्या भागधारकांनी धोक्यासाठीच पैसे दिले, त्यांचेच नुकसान होईल. भागधारक दहा कंपन्यांत पैसे विखरू शकतो, संचालकाला आपले घर दहा ठिकाणी विखरता येत नाही. दुसरे असे, की मागाहून पाहणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. शेवट ठाऊक असला की प्रत्येक धोका आधीच दिसत होता असे वाटू लागते. आपल्याकडे कायद्यात 'बिझनेस जजमेंट रूल' या नावाचे कलम नाही. पण कलम 463 खाली, संचालक प्रामाणिकपणे आणि वाजवीपणे वागला असेल तर न्यायालय त्याला जबाबदारीतून सोडवू शकते, आणि निकालांत हा संयम ठिकठिकाणी दिसतो.

हा युक्तिवाद मला पटतो, पण तो एका अटीवर उभा आहे हेही दिसते. तोटा सोसणाऱ्याने धोका जाणून पैसे घातलेले असले पाहिजेत. पुण्यात ही अट कुठे तुटते ते पाहायला दूर जावे लागत नाही. 1912 मध्ये स्थापन झालेल्या रुपी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध घातले आणि सप्टेंबर 2022 मध्ये तिचा परवाना रद्द झाला. ठेवीदारांपैकी बरेच निवृत्त लोक होते. त्यांनी व्याजासाठी पैसे ठेवले होते, कोणाच्या कर्जाच्या जुगारात भाग घेतला नव्हता. सहकारी बँकेच्या संचालकाला त्यामुळे वेगळे माप लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम 88 विश्वासभंगाने किंवा जाणूनबुजून केलेल्या हयगयीने झालेला तोटा भरून घेण्याची सोय देते, आणि कलम 73 समितीच्या निर्णयांची जबाबदारी सर्व सदस्यांवर संयुक्त आणि वैयक्तिक टाकते. रुपी बँकेच्या बाबतीत कलम 88 खाली चौकशी झाली.

म्हणून सहकारी बँकेच्या संचालकाने 'व्यावसायिक निर्णय होता' असे म्हटले, की मला 1742 ची चॅरिटेबल कॉर्पोरेशन आठवते. तारणाशिवाय कर्ज देणे हा धोका पत्करण्याचा निर्णय नसतो, नियम न पाळणे असते. हार्डविकने या दोहोंत फरक केला होता. परिणामावरून संचालकाला पकडायचे नाही, हे तत्त्व फक्त त्यालाच लाभावे, ज्याने दुसऱ्याचा पैसा हाताळताना विचारपूर्वक धोका निवडला आणि निवडल्याचा पुरावा मागे ठेवला. शेअर बाजारातल्या कंपनीसाठी न्यायालयाने मागे राहावे, ठेवीदारांच्या बँकेसाठी मात्र एक पाऊल पुढे यावे. बजाज-फिरोदिया प्रकरणातल्या तीन प्रश्नांत, पैसा कोणाचा आणि धोका कोणी मान्य केला होता, हा चौथा प्रश्न मिळवला की हे पाऊल कुठे टाकायचे ते कळते.