विनंती की हुकूम?



आपण दुसऱ्याकडे काही मागतो तेव्हा शब्द विनंतीचे असतात, पण पुष्कळदा त्यांच्या आत हुकूम दडलेला असतो. मागणारा वयाने मोठा असतो, नात्याने जवळचा असतो किंवा त्याचे जुने उपकार समोरच्यावर असतात. अशा वेळी समोरचा ‘हो’ म्हणतो, परंतु तो होकार मनाचा नसतो, संकोचाचा असतो. मागावे कसे, आणि नकाराचा रस्ता समोरच्यासाठी खुला कसा ठेवावा, याचा फार स्पष्ट नमुना आदरणीय पैगंबर (स.) यांच्या जीवनात आढळतो.

बरीरा (रजि.) या मदीनेतील एक गुलाम स्त्री होत्या. आदरणीय आयशा (रजि.) यांनी त्यांना विकत घेऊन मुक्त केले. त्यांचे पती मुगीस (रजि.) मात्र गुलामच होते. शरीअतने मुक्त झालेल्या स्त्रीला अशा स्थितीत निवड दिली आहे: तिने हवे तर विवाह टिकवावा, नको तर वेगळे व्हावे. बरीरांनी वेगळे होणे पसंत केले. मुगीस यांचे त्यांच्यावर अतिशय प्रेम होते. ते मदीनेच्या गल्ल्यांतून त्यांच्या मागे रडत फिरत आणि अश्रूंनी त्यांची दाढी भिजून जाई. हे दृश्य पाहून पैगंबरांना (स.) कणव आली. त्यांनी बरीरांना सुचविले, की त्या परत गेल्या तर बरे होईल.

आता बरीरांचा प्रश्न पाहा. त्यांनी विचारले, की हा आपला आदेश आहे काय? प्रश्न अगदी योग्य जागी होता. पैगंबरांचा (स.) आदेश असता तर कोणत्याही श्रद्धावंताला निवडीचा प्रश्नच उरला नसता. उत्तर मिळाले, की आदेश नाही, मी केवळ शिफारस करीत आहे. त्यावर बरीरांनी सरळ सांगितले, की त्यांना मुगीस यांची गरज नाही. विषय तेथेच संपला. सहीह बुखारीत हा प्रसंग आदरणीय इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आला आहे. नकारानंतर दुसऱ्यांदा आग्रह झाला, बरीरांना दोष दिला गेला किंवा त्यांच्याशी अबोला धरला गेला, असे त्यात कोठेही नाही.

एक काल-परवापर्यंत गुलाम असलेली स्त्री, आणि समोर अल्लाहचे पैगंबर (स.). दोघांच्या दर्जात यापेक्षा अधिक अंतर कोणते असू शकते? तरीही तिला ‘नाही’ म्हणता आले, कारण विनंती आणि हुकूम यांतील रेषा स्वतः मागणाऱ्यानेच स्पष्ट केली. यातून नियम हाती येतो तो असा: ज्याचे वजन अधिक, त्यानेच ही रेषा आखावी. लहानाने ती विचारून घ्यावी, अशी वेळ त्याच्यावर आणू नये.

याच विषयाची दुसरी बाजू एका चादरीच्या प्रसंगात दिसते. एका स्त्रीने स्वतः विणलेली चादर पैगंबरांना (स.) भेट दिली. त्यांना तिची गरज होती, म्हणून त्यांनी ती वापरावयास घेतली. एका सहाबींनी ती मागितली आणि पैगंबरांनी (स.) ती देऊन टाकली. तेव्हा लोकांनी त्या सहाबींना बोल लावला, की पैगंबर (स.) मागणाऱ्याला परत पाठवीत नाहीत हे ठाऊक असताना तू मागितलेस. आपल्याला ती कफनासाठी हवी होती, असे त्यांनी सांगितले आणि ती त्यांचे कफन झालीही. तरी सहाबांचा आक्षेप ध्यानात ठेवण्याजोगा आहे: ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्याकडे मागताना मागणाऱ्याची जबाबदारी वाढते.

आता आपल्या घरात या. समजा, कोकणातील एका मामूंना घराच्या छपरासाठी एक लाख रुपये हवे आहेत. भाचा कुवैतहून सुटीवर आला आहे. मामू दावतीच्या दिवशी, दस्तरखानावर, भाच्याच्या आईसमोर विषय काढतात. “लहानपणी तुला खांद्यावर घेऊन फिरलोय, आता मामूसाठी एवढं करशीलच ना?” भाच्यावर स्वतःच्या मुलांची फी आणि आधीचे देणे आहे. पण आई पाहते आहे, चारचौघे ऐकत आहेत. तो मान डोलावतो. पुढे पैसे उशिरा येतात, फोन उचलला जात नाही, आणि दोन घरांत गाठ पडते. मामूंना वाटते भाचा बदलला. वास्तविक त्या दिवशी त्यांना होकार मिळालाच नव्हता.

हेच मागणे दुसऱ्या रीतीनेही करता येते. मामूंनी भाच्याला एकट्याला, शक्य तर फोनवर किंवा चिठ्ठीने सांगावे. समोर चेहरा नसला की संकोच कमी होतो. रक्कम आणि परतीची मुदत आधीच सांगावी: “एक लाख हवेत, दीड वर्षात फेडीन, लिहून देईन.” कर्ज मुदतीसह लिहून ठेवण्याची शिकवण कुरआनने दिलीच आहे. मग रेषा आखावी: “ही फक्त विचारणा आहे. जमत नसेल तर कारण सांगू नकोस. मी निम्म्या छपराचे काम यंदा आणि निम्मे पुढच्या वर्षी करू शकतो. आठवडाभर विचार कर.” कारण मागितले नाही, की समोरच्याला खोटे बोलावे लागत नाही. आपल्याजवळ दुसरा मार्ग आहे हे कळले, की त्याच्या मनावरचा भार उतरतो. जुन्या उपकारांचा उल्लेख मात्र मुळीच नको. आणि आठवड्यानंतर उत्तर आले नाही, तर तेही उत्तरच समजावे.

सल्ल्याचेही तसेच आहे. ज्याचा मशवरा घेतला जातो तो अमानतदार असतो, असे हदीस सांगते. पण मुलीचे स्थळ ठरवून, शब्द देऊन झाल्यावर “कसे वाटते?” असे विचारले, तर त्याने अमानत सांभाळावी कशी? मशवरा निर्णयापूर्वी घ्यावा आणि आपली पसंती शेवटी सांगावी. “यात तुम्हाला काय खटकते?” असे विचारले, की विरोधी मत मांडणे सोपे जाते.

येथे एक मर्यादाही ओळखली पाहिजे. मजुराची मजुरी, पत्नीचा महर, बहिणीचा वारसाहक्क, या मेहरबानीच्या गोष्टी नाहीत. तेथे नकाराची मुभा नसते. हक्क हक्काप्रमाणेच मागावा.

आपली विनंती खरी होती की नाही, याची कसोटी नकारानंतर लागते. सूरह नूरमध्ये दारावर आलेल्याला शिकवण आहे, की परत जाण्यास सांगितले तर परत जावे. तेच त्याच्यासाठी अधिक निर्मळ आहे. नकार ऐकल्यानंतरच्या पहिल्या भेटीत आपला सलाम पूर्वीसारखाच मोकळा असेल, तर ती विनंती होती. सलामाचा सूर बदलला, तर तो हुकूम होता.

अल्लाह आपल्याला कोणावर ओझे न होता मागण्याची, आणि नकार खुल्या मनाने स्वीकारण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.