बँकेत आलं तेवढंच उत्पन्न?

उभा राहा. आणि ही तुझी उत्तरपत्रिका स्वतःच वाचून दाखव. नाही वाचवत? मग मी वाचतो. ‘उत्पन्न म्हणजे वर्षभरात खात्यात जमा झालेली रक्कम.’ अरे, एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस ना तू? या व्याख्येने गेल्या वर्षी बँकेतून काढलेलं कर्जसुद्धा उत्पन्न ठरतं. पुढच्याच पानावर तू ते धरलंही आहेस! पाच लाखांचं कर्ज घेतलं की हाती पाच लाख येतात आणि डोक्यावर पाच लाखांची देणी बसतात. माणूस श्रीमंत कुठे झाला?

रॉबर्ट हेग यांनी 1921 मध्ये आणि हेन्री सायमन्स यांनी 1938 मध्ये हेच सांगितलं. त्यांच्या आधी 1896 मध्ये जर्मनीत गेओर्ग शान्झ यांनीही. वर्षात माणसाने जेवढं उपभोगलं, त्यात त्याच्या निव्वळ संपत्तीत झालेली वाढ मिळवायची, म्हणजे त्याचं त्या वर्षाचं उत्पन्न. पैसा कुठून आला, पगारातून की लॉटरीतून, याच्याशी या व्याख्येला काही देणंघेणं नाही. रोख हातात पडली की नाही, याच्याशीही नाही. आणि तू? ‘ही व्याख्या पुस्तकी असल्याने भारताने नाकारली’ असं एक वाक्य ठोकून मोकळा झालास.

नाकारली म्हणजे काय? आधी मी दिलेला हिशेब मांड, तो तू सोडून दिला होतास. एका बाईंचा पगार 18 लाख. घरखर्च 11 लाख, उरलेले 7 लाख शिल्लक. कर भरण्याआधीचा हिशेब आहे हा. देवगडला वाडवडिलांची आंब्याची बाग आहे, खर्च वजा जाता 2 लाख सुटले, तेही शिलकीत. पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात. तो भाड्याने घेतला असता तर डागडुजी वगळून वर्षाला 3 लाख मोजावे लागले असते. फ्लॅटची किंमत 80 लाखांवरून 86 लाखांवर गेली, शेअर 20 लाखांचे 23 लाख झाले. विकलं काहीच नाही.

आता उपभोग मोज. 11 लाख रोख आणि 3 लाखांचं राहणं, एकूण 14. ते राहणं फुकटचं नाही. बाई स्वतःच स्वतःच्या भाडेकरू आहेत, एवढंच. संपत्तीतली वाढ मोज. 7, 2, 6 आणि 3, एकूण 18. म्हणजे सायमन्सच्या मोजणीने 32 लाख. आपला कायदा किती धरतो? नव्या पद्धतीत पगारातून 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली की 17 लाख 25 हजार. जवळजवळ निम्मं उत्पन्न गायब! हे ‘गायब’ कसं झालं, ते विचारलं होतं मी. आणि तू लिहिलंस, ‘सरकारच्या उदारतेमुळे’. उंटावरून शेळ्या हाकणं याला म्हणतात.

प्रत्येक वगळणुकीचं कारण वेगळं आहे, सगळ्यांची एकच मोट बांधू नकोस. आंब्याचं उत्पन्न केंद्राने दयाबुद्धीने सोडलेलं नाही. राज्यघटनेतच शेती उत्पन्नावरचा कर राज्यांच्या यादीत टाकला आहे, केंद्राला तो लावताच येत नाही. तरी 1972 च्या राज समितीनंतर केंद्राने एक वाट काढली. ते उत्पन्न करपात्र नाही, पण बाकीच्या उत्पन्नावर कर काढताना ते आधी मिळवायचं आणि मग त्याच्या वाटणीचा कर वजा करायचा. म्हणजे उरलेल्या पगारावर वरचा दर बसतो. हे तू लिहिलंच नाहीस.

घराचं 3 लाखांचं राहणं सुटतं, ते वेगळ्या कारणाने. स्वतः राहत्या घराचं वार्षिक मूल्य कायदा शून्य धरतो. ते मोजता येत नाही म्हणून, असं सांगू नकोस. ब्रिटनने असं मानीव भाडं मोजून त्यावर दीर्घकाळ कर घेतला आणि 1963 मध्ये राहत्या घरापुरता तो सोडला. नेदरलँड्समध्ये आजही राहत्या घरापोटी उत्पन्नात भर घालतात. मोजता येतं रे, पण खिशात न आलेल्या पैशावर कर मागितला की मतदार चिडतात.

आता 9 लाखांची किंमतवाढ. इथे खरी मेख आहे आणि इथेच तू पान कोरं सोडलंस. विकल्याशिवाय भांडवली नफा धरायचा नाही, हा नियम. कारणंही लंगडी नाहीत. शेअरचा भाव रोज छापून येतो, पण बाईंच्या फ्लॅटची किंमत दरवर्षी कोण ठरवणार? आणि कराची रक्कम भरायला बाईंनी बाल्कनी विकायची का?

पण या नियमाची किंमत ओळख. शेअरच्या 3 लाखांच्या वाढीवर साडेबारा टक्क्यांनी आजच कर घेतला असता, तर 37,500 रुपये गेले असते. (विक्रीवर सव्वा लाखापर्यंतची सूट मिळते, ती तूर्त बाजूला ठेव.) आज ते घेत नाहीत, म्हणून तेवढे बाईंच्या शेअरमध्येच राहतात आणि त्यांच्यावरही वाढ मिळते. कर माफ झालेला नाही, नुसता लांबला आहे. आणि लांबणं म्हणजे सरकारने दिलेलं बिनव्याजी कर्ज. शिवाय कधी विकायचं हे बाईच ठरवणार, म्हणून कुचकामी शेअरही लोक वर्षानुवर्षं कवटाळून बसतात. कर लागतो तो उत्पन्नाला नाही, विकण्याला.

तुझं आणखी एक दिव्य वाक्य : ‘मृत्यूनंतर नफा पुसला जातो.’ हे अमेरिकेतलं आहे, बाळा! तिथे वारसाला मृत्यूच्या दिवशीची किंमत मूळ किंमत म्हणून मिळते. आपल्याकडे वारसाला आधीच्या मालकाचीच मूळ किंमत लागू होते, नफा पुढे सरकतो. फक्त 1 एप्रिल 2001 पूर्वीची मालमत्ता असेल, तर त्या दिवसाची किंमत मूळ किंमत म्हणून घेता येते आणि त्याआधीची वाढ कायमची सुटते.

सायमन्सची व्याख्या म्हणजे वेदवाक्य, असंही मी म्हणत नाही. त्या वर्षी महागाई 4 टक्के असेल, तर बाईंच्या 1 कोटीच्या फ्लॅट आणि शेअरमागे 4 लाखांची वाढ नुसती नोटांची. 9 लाखांतली खरी वाढ 5 लाख, उत्पन्न 28 लाख. हे 32 आणि 28 तुझ्या वहीत शेजारी शेजारी दिसले पाहिजेत.

‘भांडवली नफा हे उत्पन्नच नाही’ हे तुझं शेवटचं वाक्य तर ऐतिहासिकच. 1932 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने उत्पन्न म्हणजे ठरावीक स्रोतातून नियमाने येणारा पैसा, असं धरलं होतं, तिथेच तू अडकलास. नवीनचंद्र मफतलाल यांच्या खटल्यात 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भांडवली नफाही उत्पन्नात बसवला. मुंबईतलं प्रकरण आहे, ग्रंथालयात निवाडा आहे. वाच.

आणि उद्या हे सोडवून आण. बाईंच्या बहिणीने तेवढेच 80 लाख घरात न घालता 7 टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले. व्याज 5 लाख 60 हजार, त्यातून ती 3 लाख भाडं भरते. तिच्या पूर्ण व्याजावर कर, भाड्याची वजावट शून्य. दोघींच्या तुलनेत कोणावर किती बसतं, हे रकमांत लिही. सरकारची उदारता त्यात कुठे दिसली तर तीही लिही, पण आकड्यासकट.