आशुराचा रोजा: सोडणे केव्हा योग्य?



मुहर्रमच्या दहाव्या दिवसाचा, म्हणजे आशुराचा रोजा फर्ज नाही, नफिल आहे. प्रेषित (स.) यांनी नववीचाही रोजा ठेवण्याचा मनोदय व्यक्त केला होता, म्हणून आपण नऊ-दहा किंवा दहा-अकरा असे दोन रोजे ठेवतो. शिया बांधव त्या दिवशी रोजाची नियत न करता असरपर्यंत शोकाचा फाका पाळतात.

आता अशी कल्पना करा: वरोऱ्यातील एक मधुमेही गृहस्थ सहरी करून रोजा ठेवतात. दुपारी तीनला त्यांना घाम फुटतो, हात थरथरतात. बोटातून रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही. साखर ६२ निघते. मगरिबला अजून चार तास आहेत. त्यांनी थांबावे काय?

नाही. साखर ७० च्या खाली गेली की रोजा तत्काळ सोडावा. अर्धा पेला पाण्यात तीन चमचे साखर घालून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, ही कुरआनची (२:१९५) आज्ञा आहे. तिच्याविरुद्ध सोसत राहणे सबर ठरत नाही.

हनफी मतानुसार, सुरू केलेला नफिल रोजा सुटला तर पुढे एक कजा ठेवावा, कफ्फारा नाही. कोकणातील शाफई बांधवांच्या मते कजाही आवश्यक नाही. मतभेद आहे तो नंतरच्या रोजाविषयी. त्या क्षणी जीव वाचवण्याविषयी नाही.

म्हणून औषधाची मात्रा आदल्या दिवशीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. डॉक्टरांनी मनाई केल्यास रोजाची नियतच करू नये.